चढ −२/३ आहे, मग रेषेचा कोन नक्की किती? आमच्याकडे तीन उत्तरं आली आहेत

पाऊलवाट

लेक अकरावीत आहे. निर्देशक भूमितीतल्या एका उदाहरणावर काल रात्रीपासून आम्ही दोघी अडून बसलोय. उदाहरण असं: २x + ३y = ६ या रेषेने X-अक्षाच्या धन दिशेशी केलेला कोन काढा.

चढ काढेपर्यंत काही अडचण नाही. y = −(२/३)x + २, म्हणजे चढ −२/३, आणि टॅन थीटा म्हणजेच चढ. तिने कॅल्क्युलेटरवर टॅन इन्व्हर्स दाबलं, −३३.६९° आलं, तेच लिहिलं. क्लासच्या चाचणीत दोनपैकी एक मार्क गेला. पुस्तकामागे उत्तर आहे १४६.३१°. मग मी म्हटलं, आलेख काढून कोनमापकानेच मोजू. तर तो १६१ आणि १६२ च्या मध्ये कुठेतरी येतोय!

−३३.६९ मध्ये १८० मिळवले की १४६.३१ होतात, एवढं मलाही दिसतं. पण ते का मिळवायचे, ३६० का नाही मिळवायचे, हे मला तिला सांगता येत नाही. "नियम आहे म्हणून कर" असं तिला सांगायचं नाहीये. आणि कोनमापक भलतंच का दाखवतो तेही कळत नाही.

विक्रांत_७

फार डोकं लावू नका. चढ ऋण आला की कोन दुसऱ्या चरणात, त्यामुळे आलेलं उत्तर १८० मधून वजा करायचं. मी शाळेपासून असंच करतोय, कधी चुकलं नाही. कोनमापकाचं सोडून द्या, हाताने काढलेल्या आलेखात एवढा फरक पडायचाच.

पाऊलवाट

वजा करून पाहिलं. १८० − (−३३.६९) = २१३.६९ येतंय. हे चौथं उत्तर झालं.

विक्रांत_७

अहो, वजाचं चिन्ह सोडून द्यायचं आधी. १८० − ३३.६९.

त्रिज्या

विक्रांत, तुमचं उत्तर बरोबर येतं, कारण चिन्ह सोडण्याची पायरी तुम्ही मनातल्या मनात करता. ती सांगायची राहिली की समोरच्याचे २१३.६९ होतात. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं, दर वर्षी चार-पाच पेपरांत हे २१३.६९ सारखं उत्तर असायचंच. म्हणून मी वर्गात वजा हा शब्दच काढत नसे. टॅन इन्व्हर्स जे देईल ते चिन्हासकट घ्या. ऋण असेल तर त्यात १८० मिळवा, धन असेल तर हात लावू नका.

आता का मिळवायचे ते. पाऊलवाट, लेकीला एक पेन्सिल घ्यायला सांगा. कागदावर अक्ष काढा, आणि तुमच्या रेषेला समांतर अशी एक रेषा आरंभबिंदूतून जाणारी काढा. समांतर रेषांचा चढ एकच, त्यामुळे कोनही तोच. ही रेषा (३, −२) मधून जाते आणि (−३, २) मधूनही जाते. आता पेन्सिल X-अक्षावर ठेवा, टोक उजवीकडे, आणि मागचं टोक आरंभबिंदूवर दाबून धरा. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सावकाश फिरवा. ९० अंश ओलांडून पुढे गेल्यावर पेन्सिल पहिल्यांदा रेषेवर येऊन पडेल तेव्हा तिचं टोक वर डावीकडे, (−३, २) च्या बाजूला असेल. तेव्हा ती १४६.३१° फिरलेली असते. तशीच पुढे फिरवत राहिलात तर बरोबर अर्ध्या फेरीनंतर, ३२६.३१° वर, ती पुन्हा त्याच रेषेवर येते, फक्त टोक आता खाली उजवीकडे. आणि सुरुवातीलाच उलट, काट्यांच्या दिशेने फिरवली असती तर ३३.६९° वरच ती रेषेवर आली असती. त्यालाच कॅल्क्युलेटर −३३.६९ म्हणतो.

म्हणजे रेषा एकच आहे आणि दर अर्ध्या फेरीला पेन्सिल तिच्यावर येते. १८० मिळवायचे ते याचसाठी. ३६० मिळवलेत तर पूर्ण फेरी होऊन टोक परत खालीच येतं, वरच्या बाजूला जातच नाही.

आता कॅल्क्युलेटरने खालची बाजू का निवडली? त्याला निवडायला आपण काही दिलंच नव्हतं. वरच्या बिंदूवरून चढ काढा, २ भागिले −३. खालच्या बिंदूवरून काढा, −२ भागिले ३. दोन्हीकडून −०.६६६७. भागाकार झाला की वजाचं चिन्ह अंशात होतं की छेदात, हे पुसलं जातं. कॅल्क्युलेटरच्या हातात तेवढी एक संख्या येते, आणि तो ठरल्याप्रमाणे −९० आणि ९० च्या मधलं उत्तर देतो. आपली व्याख्या मात्र ० पासून १८० च्या आतलं उत्तर मागते. धन चढाला दोन्ही पट्टे जुळतात म्हणून तिथे कधी प्रश्न पडत नाही. ऋण चढाला जुळत नाहीत, आणि ते जुळवणं आपल्यालाच करावं लागतं.

पाऊलवाट

त्रिज्याताई, पेन्सिल फिरवून झाली. लेकीने स्वतः फिरवली आणि "अगं, हे तर दोनदा येतंय" असं म्हणाली. तिला १८० पटले. मलाही.

इरा_अकरावी

मी पण अकरावीत आहे, मला वेगळीच शंका आहे. विक्रांतदादा म्हणाले तसं आमच्याकडेही सांगतात की चढ ऋण तर कोन दुसऱ्या चरणात. पण ही रेषा (३, ०) आणि (०, २) मधून जाते. मी काढून बघितली, ती पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अशा तिन्ही चरणांतून जाते. मग दुसरंच का? पहिलं तर डोळ्यांसमोर दिसतंय, ठळक त्रिकोण होतो तिथे.

विक्रांत_७

कारण ऋण चढाची रेषा दुसऱ्या चरणातून जातेच जाते. कुठलीही काढून बघ.

त्रिज्या

विक्रांत, हे खरं आहे, पण तेवढ्याने इराच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ऋण चढाची प्रत्येक रेषा चौथ्या चरणातूनही जातेच जाते. मग ती चौथं का म्हणू नये, असं ती विचारेल आणि ते बरोबरच असेल.

इरा, रेषा कुठल्या चरणांतून जाते हे तिच्या जागेवर अवलंबून असतं. २x + ३y = −६ ही रेषा घे. चढ तोच, कोनही तोच, पण ती पहिल्या चरणात शिरतसुद्धा नाही. तेव्हा रेषेच्या जागेकडे बघून कोनाचं चरण ठरत नाही. चरण बघायचं ते पेन्सिलीच्या टोकाचं, म्हणजे कोनाच्या अंतिम किरणाचं, आणि त्यासाठीच मी रेषा आधी आरंभबिंदूत सरकवून घेतली. तिथे रेषेची दोन अर्धी उरतात, एक दुसऱ्या चरणात, एक चौथ्यात. व्याख्या म्हणते की X-अक्षाच्या वरचं अर्धं घ्या. म्हणून दुसरं.

तू म्हणतेस तो पहिल्या चरणातला त्रिकोण मात्र घातक आहे. त्याचा (३, ०) पाशी असलेला आतला कोन ३३.६९° आहे, आणि बरेच जण तोच लिहून मोकळे होतात. पण तो रेषेने X-अक्षाच्या ऋण दिशेशी केलेला कोन आहे. आपल्याला हवा तो त्याच बिंदूपाशी, पण (३, ०) च्या उजवीकडच्या अक्षापासून मोजलेला, त्रिकोणाच्या बाहेरचा.

इरा_अकरावी

ओह! म्हणजे तो बहिष्कोन आहे, म्हणून १८० मधून वजा. मग विक्रांतदादांची पद्धत पण समजली.

अजून एक. चढ −१ असेल तर १३५°. चढ −५ केला तर रेषा जास्त तीव्र होते ना, मग कोन वाढायला हवा. पण १०१.३१° आलं, कमी झाला. माझं काही चुकतंय का?

त्रिज्या

काही चुकलेलं नाही. पेन्सिल परत घे आणि या वेळी चढाकडे लक्ष ठेव. शून्यापासून निघालीस की चढ वाढत जातो, ४५° ला १ होतो, ८८.८५° ला ५० होतो. ९० ला चढ काढताच येत नाही, कारण छेदात शून्य येतं. आणि ९० ओलांडून ९१.१५° वर पोचलीस की चढ एकदम −५०! पेन्सिल जेमतेम सव्वादोन अंश हलली, चढ मात्र मोठ्या धन संख्येवरून मोठ्या ऋण संख्येवर गेला. तिथून पुढे −५ ला १०१.३१°, −१ ला १३५°, आणि १८० जवळ येताना चढ पुन्हा शून्याकडे. म्हणजे ९० च्या पुढे रेषा जितकी तीव्र, तितकी ती ९० च्या जवळ, आणि तितका कोन लहान.

उत्तर तपासायला याचा फार उपयोग होतो. चढ −२/३ म्हणजे −१ पेक्षा सौम्य, तेव्हा कोन १३५ आणि १८० च्या मध्येच यायला हवा. कुणी ९० + ३३.६९ करून १२३.६९ लिहिलं तर ते इथेच पकडलं जातं. त्याचं टॅन घेतलंत तर −१.५ येतं, ती निराळीच रेषा. तसंच २१३.६९ चं टॅन घ्या, +०.६६६७ येईल, म्हणजे आपल्या रेषेचं आरशातलं प्रतिबिंब. पण लक्षात ठेव, ३२६.३१ चं टॅन −०.६६६७ च येतं. त्यामुळे नुसतं टॅन जुळलं म्हणून थांबायचं नाही, कोन ० ते १८० च्या आत आहे का तेही बघायचं.

यांत्रिक

माझंही याच कारणाने अडलंय, म्हणून इथेच विचारतो. स्क्रीनवर एक बाण A कडून B कडे जाताना दाखवायचा आहे. मी चढ काढून `atan` घेतो. बाण उजवीकडे जाताना नीट दिसतो, डावीकडे जाताना बरोबर उलटा होतो. वरचं वाचून ऋण आल्यावर १८० मिळवायला लागलो. तर आता डावीकडे वर जाणारे बाण सुधारले आणि उजवीकडे खाली जाणारे बिघडले.

त्रिज्या

तुमचा प्रश्न दिसायला सारखा आहे, पण वेगळा आहे. वरचं उत्तर रेषेसाठी होतं. रेषेला तोंड नसतं, म्हणून अर्धी फेरी चालते. बाणाला तोंड असतं. (३, ०) कडून (०, २) कडे जाणारा बाण १४६.३१° चा, आणि परत येणारा −३३.६९° चा, म्हणजेच ३२६.३१° चा. दोघांचा चढ एकच, त्यामुळे चढ काढलात त्याच क्षणी तोंड कुठे होतं ते हरवलं. नंतर काही मिळवून ते परत येत नाही. भागाकार न करता दोन्ही फरक वेगवेगळे द्या:

```python
from math import atan, atan2, degrees

degrees(atan(2 / -3))    # -33.69
degrees(atan(-2 / 3))    # -33.69
degrees(atan2(2, -3))    # 146.31
degrees(atan2(-2, 3))    # -33.69
```

आधी y चा फरक, मग x चा. आणि स्क्रीनवर y बहुतेक वेळा खाली वाढतो, त्यामुळे आलेखातला वर तिथे खाली होतो. तुमची चित्रं काढणारी लायब्ररी कोन कुठल्या दिशेने मोजते ते एकदा बघून घ्या.

यांत्रिक

चाललं! आता बाण चारही बाजूंना नीट वळतोय. मग रेषेचा कोन हवा असेल तेव्हा `degrees(atan2(dy, dx)) % 180` केलं तर चालेल ना? उभ्या रेषेलाही ९० देतं, शून्याने भागायचा प्रश्नच येत नाही.

त्रिज्या

पायथनमध्ये चालेल, कारण तिथे `%` चं उत्तर १८० च्या चिन्हाचं, म्हणजे धन येतं. जावास्क्रिप्टमध्ये `-33.69 % 180` चं उत्तर −३३.६९ च राहतं, तिथे आपणहून १८० मिळवावे लागतील.

ओळंबा

मी रस्त्यांच्या सर्व्हेत आहे. धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे १४६ अंशांचा रस्ता असं कुणी म्हणालं तर लोक बघत राहतील. उतार असेल तर उणे लिहितो, चढ असेल तर अधिक. शंभर मीटर पुढे जाताना आठ मीटर खाली गेलो तर −८ टक्के, कोन साधारण साडेचार अंश खाली. त्यामुळे त्या मुलीने −३३.६९ लिहिलं ते मला चूक वाटतच नाही. रेषा तीच, माहिती तीच. मार्क कापायचं कारण काय?

त्रिज्या

तुमच्या कामात ते चुकीचं नाहीच. पण तुम्ही आधीच ठरवलेलं असतं की गाडी पुढे चालली आहे. त्या रस्त्याला जायची दिशा आहे, म्हणून तिथे उणेला अर्थ येतो. उलटीकडून येणाऱ्याला तोच रस्ता +८ टक्के. कागदावरच्या रेषेवर कुणी चालत नाहीये. दोन जणांनी एकाच रेषेचे दोन कोन लिहू नयेत म्हणून ० ते १८० असं ठरवलंय, आणि प्रश्नात "धन दिशेशी केलेला कोन" हे शब्द त्यासाठीच आहेत. मी पेपर तपासला असता तर मीही एक मार्क कापला असता.

ओळंबा

ठरवलंय हे मान्य. पण −९० ते ९० असं ठरवलं असतं तरी एका रेषेला एकच कोन मिळाला असता की. तेव्हा हा सोयीचा प्रश्न आहे, आणि सोयीसाठी पोराचा अर्धा मार्क जावा, पूर्ण नाही, असं माझं मत. आडव्याशी किती अंशाने कललंय हे तिला बरोबर कळलंय.

आणि एक विचारायचं राहिलं. पाऊलवाट, तुमच्या कोनमापकाकडे कुणी बघितलंच नाही. विक्रांत म्हणतात हाताने काढल्यामुळे फरक पडला. पण हाताने एखादा-दुसरा अंश चुकेल, पंधरा अंश चुकणार नाही. आलेखाचं स्केल काय घेतलं होतं? दोन्ही अक्षांवर तेच होतं का?

पाऊलवाट

वही घेऊन बघितली. X-अक्षावर १ सेमी = १ एकक, Y-अक्षावर १ सेमी = २ एकक. त्याच पानावर आधीच्या उदाहरणातली रेषा होती, ती Y-अक्षाला १४ वर छेदत होती. सगळं पानात बसावं म्हणून तिने Y चं स्केल लहान घेतलं.

ओळंबा

मग सापडलं. रस्त्याच्या लांबीच्या नकाशात आम्ही उभं स्केल मुद्दाम वेगळं घेतो, चढउतार ठळक दिसावेत म्हणून. त्या नकाशावर कोनमापक कुणी लावत नाही. तुमच्या पानावर (३, ०) हा बिंदू आरंभबिंदूपासून ३ सेमीवर आहे, पण (०, २) फक्त १ सेमी वर. म्हणजे कागदावरची रेषा ३ सेमीला १ सेमी अशी पडते. तिचा टॅन इन्व्हर्स काढा.

पाऊलवाट

१/३ चा १८.४३ आला. १८० मधून गेले तर १६१.५७! आम्ही १६१ आणि १६२ च्या मध्येच मोजलं होतं. म्हणजे लेकीने अगदी नीट मोजलं होतं.

विक्रांत_७

हे मला माहीत नव्हतं. मी हाताची चूक म्हटलं ते मागे घेतो. पण Y निम्मा झाला तर कोनही निम्मा व्हायला हवा ना? ३३.६९ चा निम्मा १६.८५ होतो, १८.४३ नाही.

त्रिज्या

निम्मा होतो तो चढ. कोन चढाच्या प्रमाणात बदलत नाही. १ चढाला ४५° आणि २ चढाला ९० नाही, ६३.४३°. म्हणून स्केल बदललेल्या आलेखावरून मोजलेला कोन साध्या गुणाकार-भागाकाराने दुरुस्त करता येत नाही. आधी त्याचा टॅन घ्या, स्केलप्रमाणे चढ सुधारा, मग परत टॅन इन्व्हर्स. इथे १६१.५७ चं टॅन −१/३, दुप्पट केलं की −२/३, आणि पुढची वाट आता सगळ्यांना ठाऊक आहे.

ओळंबा, स्केलचा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. तुम्ही बरोबर पकडलंत.

इरा_अकरावी

त्रिज्याताई, मला टॅन इन्व्हर्स −२/३ चं उत्तर −०.५८८ येतंय. त्यात १८० मिळवून १७९.४१ आलं. इतका वेळ मला वाटत होतं सगळं समजलं.

त्रिज्या

समजलंच आहेस. कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये आहे. वर इंग्रजी R दिसत असेल तर सेटिंग बदलून D कर. आणि मघाची तपासणी इथेही लाव: १७९.४१° म्हणजे रेषा जवळजवळ आडवी. तुझी रेषा तीन पावलांना दोन पावलं खाली येते, ती आडवी कशी असेल?

पाऊलवाट

नवीन पानावर दोन्हीकडे १ सेमी = १ एकक घेऊन रेषा परत काढली. कोनमापक १४६ च्या किंचित पुढे दाखवतोय. लेकीने त्याच पानावर तिची जुनी रेषा फिक्या पेन्सिलीने काढून ठेवली आहे, शेजारी १६१.५७ लिहून.

मार्काबद्दल तिचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, प्रश्नात नुसतं "रेषेचा चढ कोनात सांगा" असतं तर भांडले असते, "धन दिशेशी" लिहिलंय म्हणून नाही भांडणार.

ओळंबा

तिला सांगा, मी अजूनही अर्ध्या मार्कावर ठाम आहे.